आधी कापड दाखवा

आमच्या सासूबाईंच्या दुकानात दोरा विकत घेणं सोपं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, "एक निळं रीळ द्या" म्हणायचं, आणि काउंटरमागच्या उंच स्टुलावरून प्रश्न यायचा, "कापड कुठाय?"

"कापड घरी आहे. निळं आहे."

"निळं आहे हे मला कळलं. जाड आहे की पातळ, सुती आहे की रेशमी, नवं आहे की धुऊन धुऊन विरलेलं, ते सांगा. नाहीतर कापड घेऊन या."

निम्मी माणसं चिडून समोरच्या गल्लीत जायची. उरलेली निम्मी घरी जाऊन खरोखरच कापड घेऊन यायची, आणि पुढे जन्मभर आमच्याकडेच यायची. बाजारात त्यांना सगळे दोरामावशी म्हणत. मी त्यांची सून. लग्नानंतर सात वर्षं मी त्याच काउंटरवर उभी होते. उभी म्हणजे खरंच उभी, कारण दुकानात स्टूल एकच होतं आणि ते कुणाचं होतं हे सांगायला नको.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल करते. गिऱ्हाईक आपल्या पायांनी परत गेलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा एक गृहस्थ आपला आवडता शर्ट दुरुस्त करायला म्हणून सगळ्यात मजबूत दोरा मागत आले. शर्ट बरोबर होता, पण कोपरापाशी कापड इतकं विरलेलं की पलीकडचं दिसत होतं. सासूबाईंनी कापड उजेडाला धरलं, बोटांनी चोळलं आणि त्यांना साधा बारीक सुती दोरा काढून दिला.

"हा तर हाताने तुटतोय!" गृहस्थ म्हणाले.

"तुटायलाच हवा," सासूबाई म्हणाल्या. "ओढ बसली की दोघांपैकी एकजण तुटणार. दोरा तुटला तर पुन्हा टाका घालता येतो. कापड तुटलं तर काय घालाल? तुमचा मजबूत दोरा त्या शर्टाला सुरीसारखा कापेल. शर्टाला हत्ती बांधायचा आहे का तुम्हाला?"

तेच जीन्सच्या कारखान्याचा मुकादम आला की उलट. त्याची यंत्रं इतकी वेगाने चालायची की सुई तापून नुसता पॉलिस्टरचा दोरा वितळायचा आणि नुसता सुती दोरा तुटायचा. त्याला त्या 'गाभ्याचा दोरा' द्यायच्या. आत पॉलिस्टरच्या अखंड तंतूंचा गाभा, वरून कापसाचं आवरण. आतला ताकद देतो, वरचा सुईची धग सोसतो. "आत पोलाद, वर कापूस," असं म्हणून त्या नखाने दोऱ्याचं टोक उलगडून दाखवायच्या, आणि मग हळूच माझ्याकडे बघायच्या. मी उलटी आहे असं त्यांचं मत होतं: वर पोलाद, आत कापूस. तोंडावर कधी बोलल्या नाहीत, पण मला कळायचं.

तर अशा या बाईचं स्टूल काढून घ्यायचं आम्ही ठरवलं होतं.

आम्ही म्हणजे आमचे हे आणि मी. खरं बोलायचं तर मीच. त्यांना म्हटलं, आईंचं वय झालं, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. काउंटर काढून टाकू, भिंतीभर उघडी शेल्फं करू, रंगाप्रमाणे रिळं लावू. लोक येतील, आपल्या कापडाशी रंग जुळवतील, उचलतील, जातील. ना प्रश्न, ना उपदेश. सुतार येऊन मापं घेऊन गेला. एका डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी होतं, त्यानंतर 'आता विश्रांती घ्या' म्हणायला बरं निमित्त होतं.

सासूबाईंनी सुताराला फीत लावताना पाहिलं. त्याची फीत स्टुलाच्या पायाला अडली तेव्हा म्हणाल्या, "हे इथेच राहू दे हं. मी असेतोवर." हसूनच म्हणाल्या, पण त्यानंतर त्या दिवसभर स्टुलावरून उतरल्या नाहीत. जेवणाचा डबासुद्धा तिथेच खाल्ला. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मी बेत बदलला असता, तर मी मी कसली!

ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी त्या तपासणीला गेल्या आणि दुकान माझ्या एकटीच्या हातात आलं. दुपारी कोपऱ्यावरची शिंपीण धावत आली. तिला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. नाचाच्या वर्गातल्या नऊ जणींचे पोशाख, पुढच्या शनिवारी कार्यक्रम. वर पातळ रेशमी शिफॉनचे झगे, खाली टॅफेटाचे घेरदार घागरे. टॅफेटा म्हणजे ते कडक, घट्ट विणीचं, चालताना सळसळणारं कापड. दोन्हींचा रंग एकच, समुद्री हिरवा.

"वहिनी, हा रंग जुळला पाहिजे बरं. नाचाच्या बाई फार चोखंदळ आहेत," ती म्हणाली.

माझ्या अंगात उत्साह संचारला. मी खणांवर खण उघडले आणि अगदी तंतोतंत रंग शोधून काढला. कापडावर ठेवला तर दोरा दिसेना! रिळावर नंबर होता ऐंशी. शेजारच्या खणात एकशेवीस होता, एकशेऐंशी होता. मी मनात म्हटलं, कापड नाजूक आहे, ऐंशीच बरा, सगळ्यात बारीक. सात वर्षं त्या दुकानात उभी राहूनही मला हे ठाऊक नव्हतं की सुईचा नंबर मोठा तर सुई जाड, पण दोऱ्याचा नंबर मोठा तर दोरा बारीक. ठाऊक नव्हतं, कारण नंबर सासूबाई बघायच्या आणि मी गिऱ्हाइकांवर रागवायचे. वाटण्या अशा होत्या.

"मजबूत आहे ना?" शिंपिणीने विचारलं.

"तुटतोय का बघा!" मी म्हणाले. तिने ओढून पाहिला. नाही तुटला. तिचीही नजर रंगावरच खिळलेली, त्यात घाई. जाडी हाताला लागली असेल, पण दोरामावशीच्या दुकानातला दोरा म्हटल्यावर तिने डोळे झाकून घेतला. मी तिला एक प्रश्नही विचारला नव्हता आणि पाच मिनिटांत काम झालं होतं. दुकान असं चालवायचं असतं, असं मी संध्याकाळी ह्यांना ऐकवलं.

बुधवारी सकाळी ऑपरेशन झालं. दुपारी सासूबाई दुकानावरच्या आमच्या खोलीत एका डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या होत्या. वाकायचं नाही, उजेडात जायचं नाही, जिने चढायचे-उतरायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी खाली काउंटरवर होते. तेवढ्यात शिंपीण आली. दोन्ही हातांत कपड्यांचा ढीग आणि चेहरा असा की मी आपोआप दोन पावलं मागे सरले.

"वहिनी, घात झाला." तिने एक झगा पसरला. बाही जोडतात त्या मुंढ्यापाशी शिवणीला लागून कापड फाटलं होतं. शिवण मात्र धडधाकट. एकेक टाका जागच्या जागी, मोत्यांच्या सरीसारखा, आणि त्याच्या कडेने शिफॉनचं चिरलेलं तोंड. "काल तालमीत दोघींनी हात वर केले आणि टरकन् आवाज आला. बाकीचे सात पण त्याच वाटेवर आहेत. आणि हा घागरा बघा."

घागऱ्याच्या प्रत्येक शिवणीवर वरपासून खालपर्यंत चुण्या. इस्त्री करकरून कापड चमकायला लागलं होतं, पण चुण्या गेल्या नव्हत्या.

"नाचाच्या बाई म्हणाल्या, उद्या संध्याकाळपर्यंत नीट झालं नाही तर मुली जुनेच कपडे घालतील आणि यापुढे माझ्याकडे कुणी येणार नाही." तिचे डोळे भरून आले. "माझंच काहीतरी चुकलं. मशीनच बिघडलं असेल."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. कबूल करावं तर शेल्फांचा बेत माझ्याच अंगाशी येणार, आणि गप्प बसावं तर ही बिचारी आपल्या मशीनला दोष देत राहणार. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

सासूबाई एक हात भिंतीला लावून खाली येत होत्या. मागून आमचे हे, "आई, अगं डॉक्टर काय म्हणाले!" करत.

"डॉक्टर म्हणाले वाकू नको. मी वाकलेय का?" त्या ताठ मानेने आल्या आणि स्टुलावर बसल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "वर सगळं ऐकू येतं. आण ते इकडे."

पट्टी एका डोळ्यावर होती, पण दुसराही त्यांनी मिटूनच घेतला. घागऱ्याची शिवण अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वीतभर सरकवली. मग मला म्हणाल्या, "कात्रीच्या टोकाने इथला एक टाका काप. इथला. आणि इथला. कापड सोडून."

मी कापले. चुण्या जरा सैल झाल्या, पण गेल्या नाहीत.

"आता दोरा पूर्ण ओढून काढ."

मी काढला. कापड सपाट झालं. फक्त सुईची भोकं राहिली, बारीक ओळीने.

"बघ," त्या शिंपिणीला म्हणाल्या. "टाका कापल्यावर निम्म्या गेल्या, त्या ताणाच्या होत्या. शिवताना दोरा ताणला गेला, नंतर आखडला आणि कापडाला घेऊन बसला. उरलेल्या दोरा काढल्यावर गेल्या, त्या गर्दीच्या. हे कापड इतकं घट्ट विणलेलं आहे की आत पाहुण्याला जागाच नाही. तू त्यात एवढा जाड पाहुणा बसवलास, तो घरच्यांना ढकलणारच. मशीनचा दोष नाही." मग त्यांनी काढलेला दोरा बोटांवर फिरवला, ओठांना लावला. "ऐंशी नंबर. नाकापेक्षा मोती जड. आणि शिफॉनलाही हाच? अगं, हा झग्यापेक्षा ताकदवान आहे. ओढ बसल्यावर हा हटला नाही, मग बिचारं रेशीम हटलं. कुणी दिला हा तुला?"

शिंपिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही. ती म्हणाली, "मीच मागितला, मावशी. रंग जुळत होता."

"मी दिला," मी म्हणाले. "मला वाटलं, ऐंशी म्हणजे एकशेवीसपेक्षा बारीक."

आमचे हे खोकले. सासूबाईंनी तो दोरा काउंटरवर ठेवला. मला वाटलं, आता सात वर्षांचा हिशेब चुकता होणार. पण त्या म्हणाल्या, "मी कधी सांगितलंच नाही तुला. स्टुलावर मी, तू उभी. कळणार कुठून?"

त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"मग साधा सुती दोरा घालू का घागऱ्याला?" शिंपिणीने विचारलं.

"आगीतून फुफाट्यात! सुती दोरा पहिल्या धुण्यात आखडेल, टॅफेटा आखडणार नाही, चुण्या परत हजर. आणि सुती दोरा एवढा बारीक घेतलास तर घेराच्या ओढीला टिकणार नाही. इथे गाभ्याचाच दोरा हवा. गाभ्यामुळे बारीक असून दमदार, आणि ताणला तरी फारसा लांबत नाही. एकशेऐंशी नंबर. सुई नऊची. मशीनचा ताण सैल कर, टाका थोडा लांब घे, म्हणजे आत दोऱ्याची दाटीच कमी. शिफॉनला मात्र गाभ्याचा नको. त्याला बारीक रेशमी दोरा. रेशमाला रेशीम, थोडं लवचीक, ओढ बसली तर आधी तोच तुटेल. टाका छोटा, आणि शिवण दोनदा दुमडून, म्हणजे ओढ एका रेषेवर यायची नाही. मार्जिन किती ठेवलंस?"

"अंगठाभर."

"शहाणी आहेस. जुनी भोकं टॅफेटात बुजत नाहीत. नवी शिवण गव्हाभर आतून घे, म्हणजे ती मार्जिनमध्ये जातील. फाटलेल्या दोघींचेही झगे तेवढ्यात भागतील. मुली थोड्या सडपातळ दिसतील, तक्रार कोण करतंय!"

शिंपीण रडता रडता हसली. सासूबाई उठल्या, भिंतीला हात लावत तिसऱ्या रांगेपर्यंत गेल्या, वरून चौथा खण ओढला, आत बोटं फिरवली आणि एक रीळ काढून माझ्या हातात दिलं. "एकशेऐंशी, गाभ्याचा. समुद्री हिरवा नाही मिळायचा, पण हा हिरवट राखाडी चालेल. एवढा बारीक दोरा कापडात बुडतो, रंग एक पायरी इकडेतिकडे झाला तरी दिसत नाही. दे बांधून."

मी रीळ पाहिलं. ते फिकं जांभळं होतं.

माझ्या जिभेवर आलं होतं. वर्षभरात मी असल्या चुका दहा वेळा पाहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ह्यांना सांगितल्या होत्या: आईंचं लक्ष नसतं, काळ्याऐवजी गडद निळं देतात, शेल्फं करायला हवीत. त्या वेळी मात्र का कोण जाणे, मी तोंड मिटलं. त्या स्टुलाकडे परत फिरल्या तसा खण पुन्हा उघडला, जांभळं ठेवलं, त्याच नंबराचं हिरवट राखाडी घेतलं आणि रेशमी रिळाबरोबर शिंपिणीला बांधून दिलं. तिने ते पाहिलं आणि तीही बोलली नाही.

गुरुवारचा दिवसभर मी शिंपिणीच्या दुकानात उसवत बसले. नऊ घागरे, नऊ झगे, एकेक टाका कापड न दुखावता. बोटांना फोड आले. प्रायश्चित्त म्हणतात ते हेच असावं, फक्त ते इतकं बारीक असतं हे मला माहीत नव्हतं. तिने पहिल्या घागऱ्याची शिवण घातली आणि आम्ही दोघींनी श्वास रोखून ती खिडकीपाशी धरली. पाण्यासारखी सपाट. आम्ही एकमेकींना मिठीच मारली, आणि सुई माझ्या पदराला अडकली. संध्याकाळी नाचाच्या बाई आल्या, प्रत्येक शिवण उलटून पाहिली, झग्याचे मुंढे ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "आता कशा शिवल्या!" शनिवारी नऊ जणींनी हात वर केले, गिरक्या घेतल्या, घेर फुलले आणि कुठूनही टरकन् आवाज आला नाही. मी नाच पाहिलाच नाही. मी अठरा मुंढे मोजत होते.

सोमवारी सासूबाई काळा चष्मा काढून दुकानात आल्या. पट्टी गुरुवारीच निघाली होती, पण डॉक्टरांनी आठवडाभर बाहेर फिरू नको म्हटलं होतं. आठवडा त्यांनी चार दिवसांचा केला. आल्या आणि दारातच थबकल्या. भिंतीवरच्या रिळांकडे पाहत राहिल्या. एक खण ओढला, दुसरा ओढला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हा जांभळा आहे?"

"हो आई."

"आणि हा काळा नाही? निळा?"

"निळा."

त्या स्टुलावर बसल्या. ते जांभळं रीळ हातात फिरवत म्हणाल्या, "दोन-तीन वर्षं मला सगळं चहात बुडवल्यासारखं दिसत होतं. कोणता खण कुठे ते पाठ होतं आणि दोरा बोटांना कळायचा, म्हणून चालून गेलं. रंगाचं अंदाजाने. सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं." मग माझ्याकडे, पहिल्यांदाच त्या नव्या डोळ्याने, नीट बघून म्हणाल्या, "बुधवारी तू रीळ बदललंस."

"तुम्हाला काय माहीत?"

"खण दोनदा वाजला. मला वाटलं, आता ही बोलेल. शिंपिणीसमोर बोलेल, आपल्या नवऱ्यासमोर बोलेल. मग माझं स्टूल जाणारच होतं. नाही बोललीस."

तापट माणसाचं हेच होतं, नको तेव्हा रडू येतं. त्या मुद्दाम खण लावत बसल्या, मला वेळ द्यायला.

तेवढ्यात सुतार आला. खांद्यावर फळी, कानावर पेन्सिल. "वहिनी, शेल्फांचं लाकूड आणलंय. काउंटर आधी काढू ना?"

"काउंटर राहू दे," मी डोळे पुसत म्हणाले. "त्या लाकडाचं एक स्टूल करा."

त्याने आश्चर्याने फीत काढली. "उंची किती ठेवू?"

सासूबाईंनी ते जांभळं रीळ त्याच्या खणात ठेवलं आणि खण लावला.

"माझ्या स्टुलाइतकीच ठेव," त्या म्हणाल्या. "रंग ती बघेल, दोरा मी बघेन. काउंटर एकच आहे."